'तो' शेतकरी आणि 'त्याची' पत्नी

"विदर्भातील शेतकरी हा कर्जबाजारीपणा व व्यसनाधीनता यांमुळे आत्महत्या करतो. त्याच्या पश्चात पत्नी व मुले उघड्यावर पडतात. त्याची पत्नी शेतीकामात त्याला मदत करत असते."

ही तीन वाक्ये कुणा एकाच्या प्रबंधातून उचललेली नाहीत, मी जुळवलेली आहेत. पण अमरावती किंवा अकोल्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या कपाटापाशी तासभर बसलेल्या माणसाला ती ओळखीची वाटतील. व्याकरणात चूक नाही आणि सहानुभूतीही भरपूर आहे. तरीही एका वाक्यात अख्ख्या प्रदेशाचा मिळून एकच माणूस झाला, दुसऱ्यात मागे राहिलेल्या बाईला सामानासारखे उघड्यावर ठेवले आणि तिसऱ्यात तिच्या दिवसभराच्या कष्टाला 'मदत' म्हणून मोकळे झालो. संशोधक विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिताना मी या तीन वाक्यांच्या फार पलीकडे जाणार नाही. लिंगभेदविरहित लिखाण म्हणजे शब्दांची यादी, हा टाकायचा आणि तो घ्यायचा, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. यादी पुस्तिकेत पुढे आहे आणि ती उपयोगी पडेल. पण शब्द बदलण्याआधी त्या शब्दाने कुणाला मोजले आणि कुणाला वगळले हे पाहावे लागते. ते न पाहता केलेला बदल कधीकधी मूळ चूक अधिकच झाकून टाकतो.

'शेतकरी' हाच शब्द घेऊ. वऱ्हाडात बोलताना आपण 'कास्तकार' म्हणतो, प्रबंधात 'शेतकरी' लिहितो. दिसायला दोन्ही शब्द सर्वांना सामावून घेणारे आहेत. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतकरी म्हणून नोंदलेल्या ५,२०७ आत्महत्यांपैकी ४,९९९ पुरुषांच्या आणि २०८ स्त्रियांच्या आहेत. त्याच वर्षी 'गृहिणी' या रकान्यात २५,३०९ स्त्रिया आहेत. त्यांतल्या किती जणींच्या हातांना पऱ्हाटीचे ओरखडे होते हे त्या अहवालावरून सांगता येत नाही, कारण तसा प्रश्नच कुठे विचारलेला नाही. शेतमजुरांचा रकाना २०१४ पासून शेतकऱ्यांहून वेगळा झाला. त्याच अहवालात तिथे स्त्रियांचे प्रमाण थोडे बरे दिसते: ६,०८३ पैकी ६११. मजुरी रोख मिळते, म्हणून ती दिसते. स्वतःच्या घरच्या वावरातले काम कुणी मोजत नाही, म्हणून ते 'घरकाम' होते.

ही नोंद होते कशी, ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. माणूस गेला की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंचनामा होतो आणि नातेवाइकांचे जबाब घेतले जातात. त्या कागदांवर एक ओळ व्यवसायाची असते. पुरुष असेल तर घरचा माणूस 'शेती' सांगतो. बाई असेल तर तोच माणूस 'घरकाम' सांगतो, आणि लिहून घेणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पुढे प्रकरण महसूल खात्याकडे गेले की सातबारा मागितला जातो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. म्हणजे तोंडी जबाबाने जी बाई शेतकरी ठरली नाही, तिला कागदही शेतकरी ठरवत नाही. मग जिल्ह्याची यादी तयार होते, त्या यादीवरून विद्यार्थी नमुना निवडतो, आणि प्रबंधात वाक्य उतरते: "अभ्यासासाठी निवडलेले सर्व शेतकरी पुरुष होते." बऱ्याचदा तर एवढेही उतरत नाही. थेट 'शेतकरी' लिहिले जाते आणि पुढे क्रियापद पुल्लिंगी चालू राहते.

इथे 'शेतकरी'ऐवजी 'शेती करणाऱ्या व्यक्ती' लिहून काय साधेल? नमुन्यात एकही स्त्री नसताना 'व्यक्ती' लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक. तिथे 'पुरुष शेतकरी' हेच खरे आणि पूर्वग्रहमुक्त लिखाण, आणि मर्यादांच्या प्रकरणात दोन ओळी हव्यात की ही यादी कशी बनते आणि तिच्यातून कोण गळते. समावेशक शब्दाला समावेशक नमुन्याचा आधार लागतो. तो नसेल तर लिंग लपवू नका, उघड सांगा.

आता व्याकरणाकडे येतो, कारण परीक्षकांकडून विद्यार्थ्यांना सर्वाधिक शेरे याबद्दलच मिळतात आणि उपायही बहुतेक इंग्रजीकडून आलेले असतात. 'तो/ती', 'त्याने/तिने', 'विद्यार्थी/विद्यार्थिनी' अशा तिरप्या रेघांनी पान भरले की वाचणारा थकतो. मराठीला तीन लिंगे आहेत आणि क्रियापदही लिंग दाखवते, म्हणून आपली अडचण मोठी आहे असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. 'शेतकरी कर्ज घेतो' यात पुरुष दिसतो, पण 'शेतकरी कर्ज घेतात' यात कुणीच दिसत नाही. भूतकाळात तर सोय आणखी चांगली आहे. 'शेतकऱ्यांनी पीककर्ज घेतले' या वाक्यात क्रियापद कर्जाच्या लिंगाने चालते, घेणाऱ्याच्या नाही. मुलाखतीचा सगळा गोषवारा 'त्यांनी सांगितले', 'त्यांनी विकले', 'त्यांनी नोंदवले' असा तिरप्या रेघेशिवाय लिहिता येतो. अडते ते अकर्मक क्रियापदांपाशी: 'शेतकरी बाजारात गेले.' तिथे 'गेले'तले पुल्लिंग टाळायचे असेल तर नपुंसकलिंगी 'माणसे' मदतीला येते, आपण बोलताना नाही का म्हणत, 'सारी माणसं वावरात गेली'. याहून जास्त कसरत करायची गरज मला वाटत नाही. एकवचनी पुल्लिंगाची सवय सुटली की निम्मे काम होते.

उरलेले निम्मे मात्र व्याकरणाने होत नाही. ही दोन वाक्ये पाहा: "शेतकऱ्यांनी कपाशीचा पेरा वाढवला. त्यांच्या पत्नी निंदणी व वेचणीत मदत करतात." पहिले वाक्य निर्दोष आहे. दुसऱ्याने सांगून टाकले की पहिल्यातले शेतकरी सगळे नवरे होते. असे दुसरे वाक्य शोधणे हेच संपादनाचे खरे काम. आणि 'मदत' या शब्दाची शहानिशा वावरातच होते. कपाशीच्या हंगामात वखरणी, डवरणी, फवारणी ही बहुधा पुरुषांची कामे. सरकी टोबणे, निंदण आणि वेचा ही बायांची. वेचा तर महिनोन्‌महिने चालतो, आणि कापूस घरात येतो तो त्यातूनच. या दोन याद्यांपैकी कोणती मुख्य आणि कोणती मदतीची हे कुणी ठरवले? बैलाच्या मागे चालणारा कास्तकार आणि ओंजळ भरणारी मदतनीस, असे म्हणायला शेतीशास्त्रात आधार नाही. 'कुटुंबातील स्त्रिया व पुरुष वेगवेगळी कामे करतात' एवढे लिहून पुढे कामांची नावे द्यावीत. विशेषण आपोआप गळून पडते.

प्रश्नावलीत हे आधीच सांभाळता येते. 'आपला व्यवसाय?' असे विचारले की बाई म्हणते, "काही नाही, घरीच असतो आम्ही." हे उत्तर खोटे नसते, तिने प्रश्नाचा अर्थच तसा घेतलेला असतो. त्याऐवजी 'काल सकाळपासून काय काय केलं?' असे विचारावे. 'औंदा कोणतं बियाणं आणायचं हे कोणी ठरवलं?', 'कापसाचे पैसे कोणाच्या हातात आले?' हे प्रश्न घरातल्या दोघांना वेगवेगळे विचारावेत. दोघांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा ती चूक समजून एक खोडू नये, दोन्ही नोंदवावीत. वेळेचेही तसेच. सकाळी अकराला गावात गेलेल्या विद्यार्थ्याला पारावर बसलेले पुरुष भेटतात, बाया तेव्हा वावरात असतात. मग 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात जो भेटला त्याचे नाव पडते आणि विश्लेषणात घराचे मत म्हणून त्याचेच मत जाते. रकान्याचे नाव 'माहिती देणारी व्यक्ती' असे ठेवून तिचे कुटुंबातले नाते पुढे लिहिले तर निदान वाचकाला कळते की बोलले कोण.

सुरुवातीच्या तीन वाक्यांतल्या पहिल्याकडे परत यावे लागेल, त्यातल्या 'व्यसनाधीनते'मुळे. गटाबद्दलचा पूर्वग्रह ओळखायची एक कसोटी आपल्याच भागात तयार झालेली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री पुरुष तुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले. १८८१ मध्ये सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. त्यानंतर समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक सुरू झाली, तिला ते उत्तर होते. पुस्तकाचा आवेश सर्वांना माहीत असतो. पद्धतीकडे लक्ष कमी जाते. स्त्रियांवर लावलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत आहे की नाही ते तपासायचे, अशी ती रीत आहे. आजच्या भाषेत याला तुलना-गट म्हणतात. एखाद्या गटाबद्दल विधान करताना तेच विधान दुसऱ्या गटाबद्दल तपासले का, हा प्रश्न वऱ्हाडातल्या संशोधकाला ताराबाईंनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी घालून दिला आहे.

तो प्रश्न नीट पाळणारा एक अभ्यास म्हणजे मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्रा यांचा २००६ चा अहवाल. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या आत्महत्येच्या १११ घटना त्यांनी अभ्यासल्या आणि आत्महत्या न घडलेली कुटुंबेही तुलनेसाठी घेतली. वाशीम १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता, म्हणून हा अभ्यास आपल्याला परका नाही. कर्जबाजारीपणा ८७ टक्के घटनांत, आर्थिक स्थितीची घसरण ७४ टक्के घटनांत, घरातले ताणतणाव ५५ टक्के घटनांत, पीक बुडणे ४१ टक्के घटनांत आणि व्यसन २८ टक्के घटनांत, असे जोखमीचे घटक तिथे दिले आहेत. बेरीज शंभराच्या पार जाते, कारण एकेका घटनेत चार-पाच गोष्टी एकत्र असतात. आता आपले वाक्य त्याशेजारी ठेवा. 'कर्जबाजारीपणा व व्यसनाधीनता यांमुळे' असे लिहिले की दोन्ही कारणे एका मापाची होतात, आणि शंभरातल्या अठ्ठावीस घटनांत आढळलेली गोष्ट उरलेल्या बहात्तरांच्याही माथी बसते. शिवाय 'मुळे' हा शब्द कारण सांगतो, तर अहवाल सोबत आढळलेले घटक सांगतो. दुरुस्त वाक्य लांबते, पण ते लांबणे पत्करावे: "तीन जिल्ह्यांतील १११ घटनांच्या अभ्यासात बहुतेक घटनांत कर्जबाजारीपणा आणि चतुर्थांशाहून थोड्या अधिक घटनांत व्यसन हे इतर घटकांसोबत आढळले."

व्यसनाच्या नोंदीबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची सरकारी योजना २००६ च्या आगेमागे सुरू झाली. प्रकरण पात्र ठरायला कर्ज राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. कृषी केंद्राची उधारी आणि सोयऱ्याकडून घेतलेले हातउसने पैसे यात येत नाहीत. म्हणजे 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द मदतीच्या नियमांतून आले आहेत, मृत्यूच्या कारणांतून नाही. तरी प्रबंधांत ते खऱ्या आणि खोट्या शेतकरी आत्महत्या असल्यासारखे वापरले जातात. कारणाच्या रकान्यावर पैशांचा निर्णय टांगलेला असला की तो भरणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी लपवायचे किंवा दाखवायचे असते, घरच्यांनाही आणि कचेरीलाही. अशा कागदावरून 'दारूमुळे' असे उतरवून घेण्याऐवजी 'पोलीस जबाबात दारूचा उल्लेख आहे' असे लिहावे. नोंद कुणाची हे कळले की वाचक तिचे वजन स्वतः ठरवतो.

मिश्रांच्या यादीतच एक घटक मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाच्या ओझ्याचा आहे, ३४ टक्के घटनांत. हा आकडा टाकून देता येणार नाही, लोकांनी ते सांगितले आहे. पण पुढच्या दहा जणांनी तो उद्धृत करताना 'मुलींचा बोजा' इतकाच शब्दप्रयोग केला की हुंडा, मानपान आणि उधारीवरचा मांडव हे सगळे गायब होऊन ओझे मुलगीच होते. खर्चाला खर्च म्हणावे: 'मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाच्या खर्चाचा ताण'. आणि ताराबाईंची कसोटी लावून प्रश्नावलीत मुलाच्या लग्नाचा खर्चही विचारावा. विचारलाच नाही तर तो सापडणार कसा?

आता दुसरे वाक्य, पश्चात उघड्यावर पडणाऱ्या पत्नीचे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर शेतजमिनीचा हक्क आलेला नव्हता. ही माहिती 'विधवांची दयनीय अवस्था' अशा मथळ्याखाली दिली तर अवस्था जणू त्यांच्या नशिबाची होते. 'वारस नोंदीअभावी पीककर्ज नाकारले जाते' असे लिहिले तर फेरफार, तलाठी, सासरचे लोक आणि बँक हे सगळे चित्रात येतात. दयेचा शब्द काढला की दोष असलेली यंत्रणा दिसू लागते, हे मी अनेक हस्तलिखितांत पाहिले आहे. 'विधवा' हा शब्द कायम वर्ज्य करावा असे मी म्हणणार नाही. वारसाहक्काच्या किंवा पेन्शनच्या चर्चेत वैवाहिक स्थिती महत्त्वाची असते, तिथे तो लागतो. पण नवरा जाऊन दहा वर्षे झालेली, स्वतः सौदा करणारी, कृषी केंद्रात उधारीचे खाते असलेली बाई पीकपद्धतीच्या प्रकरणातही 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची विधवा' म्हणूनच येत असेल, तर आपण तिच्या शेतीचा अभ्यास करत नसून तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचाच पुन्हा पुन्हा करत आहोत. तिथे ती शेतकरी आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम १९९० च्या सुमारास चालवली. त्या नावातही बाईला लक्ष्मीच व्हावे लागले हे खरे, पण मोहिमेचा रोख नेमका सातबाऱ्यावर होता. आपल्या लिखाणाचा रोखही तिथे असावा.

आतापर्यंत बहुसंख्य समाजाबद्दल बोललो. तिथे संशोधक आणि ज्याचा अभ्यास होतो तो माणूस पुष्कळदा एकाच गावचे असतात, निदान बोली तरी एक असते. फासेपारध्यांच्या बेड्यावर गेलेल्या विद्यार्थ्याचे तसे नसते. तो जाण्याआधीच वाचून गेलेला असतो, आणि वाचलेले बहुतेक एकाच झऱ्याचे असते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला असल्याने आपल्या भागातल्या जवळजवळ सगळ्या समाजांची नोंद त्यात सापडते. माहितीचा तो खजिना आहे, यात वाद नाही. पण तो लिहिला गेला तेव्हा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा चालू होता. १९११ आणि १९२४ साली तो आणखी आवळला गेला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. सरकारच्या दृष्टीने माणूस जन्मतःच संशयित असण्याच्या काळातले ते वर्णन आज वर्तमानकाळात उतरवले जाते: "पारधी समाज भटका असून शिकार व चोरी हा त्यांचा पारंपरिक व्यवसाय आहे. शिक्षणाबाबत त्यांच्यात उदासीनता आढळते."

हे वाक्यही माझेच, वरच्यांसारखेच जुळवलेले. त्यातला पहिला दोष काळाचा आहे. १९१६ चे निरीक्षण 'आहे' या क्रियापदाने आजचे होते. ते वापरायचेच असेल तर 'रसेल यांनी १९१६ मध्ये असे नोंदवले' असा भूतकाळ आणि नाव दोन्ही हवीत. दुसरा दोष असा की शिकार आणि चोरी एका दमात म्हटल्याने दोन्ही सारख्याच दिसतात. फास लावून तितर-बटेर धरणे ही उपजीविका होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा झाला. कायदा बदलला हे सांगितले नाही तर स्वभावच गुन्हेगारी असल्याचे ठरते. चोरीबद्दल लिहायचेच असेल तर किती जणांवर गुन्हे नोंदले गेले, किती खटले चालले आणि किती जणांना शिक्षा झाली, या तीन वेगळ्या आकड्यांवर लिहावे. नोंद आणि शिक्षा यांच्यात बरेच अंतर असू शकते, आणि पारध्यांच्या बाबतीत ते अंतर हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो. 'काही लोक त्यांच्यावर अन्याय्य संशय घेतात' असे मऊ वाक्य लिहून विषय टाळणे मला मान्य नाही. तेही एक प्रकारचे न पाहणेच आहे.

तिसरा शब्द 'उदासीनता'. विद्यार्थ्याने पाहिले होते ते एवढेच की हजेरीपटावर नावे आहेत आणि वर्गात मुले नाहीत. त्यावरून मनाची अवस्था काढली. शाळा बेड्यापासून किती लांब आहे, जातीचा दाखला मिळाला का, सुगीच्या दिवसांत आईबाप कामासाठी कुठे जातात, वर्गात त्या मुलांना कुठे बसवतात, यातले काही विचारले असते तर अनुपस्थितीची कारणे सापडली असती. कदाचित काही घरांत खरोखरच शाळेची ओढ नसल्याचेही आढळले असते. तेही लिहावे, पण मग 'भेट दिलेल्या अमुक घरांपैकी अमुक घरांत पालकांनी असे सांगितले' असे. 'समाज', 'वृत्ती', 'मानसिकता', 'स्वभावतः' हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबून विचारावे की हे पाहिले की अनुमानले. मेळघाटातल्या कोरकूंवर लिहिताना 'अंधश्रद्धा' या शब्दाचेही असेच होते. आजारी बाळाला आधी भुमकाकडे नेले एवढे पाहिलेले असते. दवाखाना किती लांब होता, पावसात वाट बंद होती का आणि तिथे कोरकू कळणारे कोणी होते का, हे पाहिलेले नसते.

शेवटी अवतरणांबद्दल, कारण तिथे कोणतीच यादी कामाला येत नाही. गुणात्मक संशोधनात लोकांचे बोल जसेच्या तसे द्यावेत असे शिकवतात. मग शिक्षकाचे, तलाठ्याचे, बँक अधिकाऱ्याचे बोलणे प्रमाण मराठीत उतरते आणि कास्तकाराचे तेवढे ठसक्यात वऱ्हाडीत, 'काळी' ऐवजी 'कायी' सकट. प्रत्यक्षात तलाठीही घरी वऱ्हाडीच बोलतो. नियम एकच ठेवावा: एक तर सगळ्यांची बोली उतरवा, नाही तर सगळ्यांचे प्रमाण करा आणि तसे पद्धतीच्या प्रकरणात सांगा. दुसरी अडचण गोपनीयतेची. 'मी विकली', 'मी गेले' अशी भूतकाळाची रूपे बोलणारी बाई आहे की पुरुष हे कधी सांगतात, कधी नाही, हे आपण वर पाहिलेच. नाव बदलून 'उत्तरदाता क्रमांक अमुक' केले तरी 'मी एकटीच मक्त्याने शेती करते' हे वाक्य छापले, आणि गावात मक्त्याने शेती करणारी बाई एकच असली, तर तिची ओळख उघड झाली. अशा वेळी अवतरण मोडून 'एका उत्तरदात्याने मक्त्याच्या शेतीतील अडचणी सांगितल्या' असे लिहावे लागते, आणि जी बाई मोठ्या मुश्किलीने दिसू लागली होती ती पुन्हा 'त्यांनी'मध्ये मिसळून जाते. दोन्हींतले काय राखायचे, हे तिलाच विचारावे. मसुद्यातले तिचे वाक्य तिला वाचून दाखवावे आणि ती म्हणेल तसे ठेवावे. आमच्या पाहण्यात काही जणींनी नावासकट छापा म्हटले आहे, काहींनी अख्खा परिच्छेद काढायला लावला आहे. संमतिपत्रात यासाठी वेगळा रकाना ठेवायची सूचना पुस्तिकेच्या तिसऱ्या भागात आहे.